वाफेची चार घरं: नॉनोग्रॅमचं उत्तर एकच आहे हे कसं तपासायचं

प्रश्न: "मी शाळेतल्या मुलांसाठी 8×8 चं नॉनोग्रॅम केलं, वाफाळत्या चहाचा कप. आकडे तीनदा तपासले, चूक नाही. तरी दोन मुलांची चित्रं वेगळी आली आणि दोन्ही आकड्यांशी जुळतात. छापायच्या आधी उत्तर एकच आहे हे हाताने तपासता येतं का? आणि आता यात दुरुस्ती काय करू? ओळींचे आकडे वरून खाली: 1, 1, 0, 7, 6 1, 7, 4, 8. स्तंभांचे डावीकडून उजवीकडे: 3 1, 5, 1 5, 1 5, 5, 3 1, 1 1 1, 1 1."

उत्तर:

हो, हाताने तपासता येतं. नॉनोग्रॅम म्हणजे ओळी आणि स्तंभांच्या आकड्यांवरून घरं काळी करत चित्र शोधायचं कोडं. 8×8 ला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तुमचं कोडं मी चित्र न बघता, फक्त आकड्यांवरून सोडवलं. 64 पैकी 60 घरं पक्की झाली आणि चार घरांवर अडकलो. तुमच्या मुलांची चित्रं याच चार घरांत वेगळी आली असणार. ती कोणती, तिथे नेमकं काय होतं आणि काय बदललं तर सुटेल, हे खाली सांगतो.

तुम्ही तीनदा जे तपासलंत ते चित्रावरून आकडे बरोबर निघालेत का एवढंच होतं. तो रस्ता कायम सरळ असतो, एका चित्राचे आकडे एकच निघतात. सोडवणारा मात्र उलट्या दिशेने येतो, आणि त्या दिशेला फाटे फुटू शकतात. आकडा सांगतो की सलग काळ्या घरांचे गट किती लांबीचे आहेत आणि कुठल्या क्रमाने येतात. ते कुठे सुरू होतात हे तो सांगत नाही. चित्राचे आकडे केले की जागेची माहिती गळून जाते. आडव्या आणि उभ्या आकड्यांनी मिळून ती परत भरून काढायची असते, आणि कधीकधी ती पूर्ण भरून निघत नाही.

सगळ्यात लहान उदाहरण 2×2 चं. चार घरं, प्रत्येक काळं किंवा पांढरं, म्हणजे एकूण 16 चित्रं. त्यातल्या 14 चित्रांचे आकडे फक्त त्यांचे स्वतःचे आहेत. उरलेली दोन म्हणजे दोन तिरक्या जोड्या:

```
■ ·      · ■
· ■      ■ ·
```

दोन्हींचे आकडे ओळींना 1, 1 आणि स्तंभांना 1, 1. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक दोन उत्तरांच्या कोड्यांत हीच तिरकी जोडी कुठेतरी लपलेली सापडते. दर वेळी ती अशी शेजारी-शेजारी नसते. दोन ओळी आणि दोन स्तंभ एकमेकांपासून लांब असले तरी त्यांच्या चार छेदांवर हा प्रकार होऊ शकतो.

आता तपासणी. नियम एकच ठेवायचा: एका वेळी एकच ओळ किंवा एकच स्तंभ बघायचा. त्या रेघेत गट जितक्या प्रकारे बसू शकतात त्या सगळ्या प्रकारांत जे घर काळंच येतं ते काळं करायचं, जे पांढरंच येतं तिथे फुली मारायची, बाकीची घरं तशीच सोडायची. सगळ्या ओळी झाल्या की सगळे स्तंभ, मग पुन्हा ओळी, अशा फेऱ्या मारायच्या. चित्र चांगलं दिसतंय म्हणून एकही घर भरायचं नाही.

अशा रीतीने शेवटचं घरही भरलं गेलं तर उत्तर एकच आहे, वेगळा पुरावा लागत नाही. प्रत्येक खूण करताना दुसरा पर्यायच नव्हता. त्यामुळे त्या आकड्यांचं कुठलंही उत्तर घेतलं तरी त्यात ती खूण तशीच असणार, आणि सगळ्या घरांबद्दल हे खरं झालं की दुसऱ्या उत्तराला जागाच उरत नाही. म्हणून कोडं करणाऱ्यासाठी सोडवणं हीच तपासणी.

रेघेत किती घरं लगेच पक्की होतात ते काढायला एक छोटा हिशोब आहे. गटांची बेरीज करा, दोन गटांमध्ये निदान एक मोकळं घर लागतं म्हणून तीही मिळवा, आणि रेघेच्या लांबीतून वजा करा. जे उरतं त्याला मी मोकळीक म्हणतो. गटाची लांबी मोकळिकीपेक्षा जितकी जास्त, तितकी त्याच्या मधली घरं पक्की. तुमच्या ओळ 4 चा आकडा 7 आहे, लांबी 8, मोकळीक 1, म्हणून सहा घरं पक्की: 2 ते 7. ओळ 7 चा आकडा 4, मोकळीकही 4, म्हणून तिथे पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही. हा हिशोब फक्त कोऱ्या रेघेचा आहे. रेघेत आधीच काही घरं भरली असतील तर हिशोबावर विसंबू नका, सगळे प्रकार डोळ्यांसमोर मांडून बघा.

तुमचा कप सोडवू. आधी मोठी बेरीज: ओळींची 35, स्तंभांचीही 35. ही जुळली नाही तर पुढे जायचंच नाही, कुठेतरी आकडा चुकलेला असतो.

पहिली फेरी ओळींची. ओळ 8 पूर्ण काळी. ओळ 3 पूर्ण फुल्या. ओळ 5 चे 6 आणि 1, मध्ये एक मोकळं, बरोबर 8 झाले, म्हणून तीही पूर्ण: 1 ते 6 काळी, 7 वर फुली, 8 काळं. ओळ 4 आणि ओळ 6 मध्ये 2 ते 7 काळी. एका फेरीत 36 घरं झाली, हे चांगलं लक्षण आहे. शाळकरी मुलांच्या कोड्यात पहिल्या फेरीत इतकं हाती लागलं की त्यांना पुढे जायचा हुरूप राहतो.

दुसरी फेरी स्तंभांची. स्तंभ 8 ला 1 1 हवेत आणि ओळ 5 व ओळ 8 मध्ये ते मिळालेत, बाकी सगळ्या फुल्या. त्यामुळे ओळ 4 आणि 6 उजव्या टोकाला जाऊ शकत नाहीत, त्या डाव्या टोकापासूनच सुरू होतात. स्तंभ 7 चे तिन्ही एकेक ओळ 4, 6 आणि 8 मध्ये आधीच आहेत, बाकी फुल्या. स्तंभ 1 आणि 6 ला 3 1 हवेत: तिघांचा गट ओळ 4 ते 6, एकटा ओळ 8 ला, म्हणून ओळ 7 ला फुली. स्तंभ 2 आणि 5 ला सलग 5 हवेत, ओळ 4 ते 6 आणि ओळ 8 काळी आहेत, म्हणून मधलं ओळ 7 चं घर काळं. स्तंभ 3 आणि 4 ला 1 5 हवेत. ओळ 3 ला फुली असल्याने पाचांचा गट वर मावत नाही, तो ओळ 4 ते 8 मध्येच. ओळ 7 चे चार आपोआप पूर्ण झाले. आणखी 24 घरं झाली आणि चित्र असं दिसतं:

```
· · ? ? · · · ·
· · ? ? · · · ·
· · · · · · · ·
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ·
■ ■ ■ ■ ■ ■ · ■
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ·
· ■ ■ ■ ■ · · ·
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■
```

तिसऱ्या फेरीत काहीच हलत नाही. ओळ 1 ला एक हवं, ओळ 2 ला एक हवं, स्तंभ 3 ला वर एक हवं, स्तंभ 4 ला वर एक हवं. ही तीच 2×2 ची तिरकी जोडी. वाफ डावीकडून उजवीकडे जाते की उजवीकडून डावीकडे, हे सांगणारा एकही आकडा तुमच्या कोड्यात नाही.

आता याच चित्रात कानाकडे बघा. ओळ 4 चं घर 7 काळं, 8 पांढरं, ओळ 5 चं 7 पांढरं, 8 काळं. ही पण तिरकी जोडीच आहे, अगदी वाफेसारखी. पण इथे घोळ होत नाही. ती उलटी करून बघा: ओळ 4 च्या 7 चं 6 1 होईल आणि ओळ 5 च्या 6 1 चं 7 होईल. कान कपाच्या अंगाला चिकटलेला आहे, त्यामुळे घर सरकलं की गटाची लांबी बदलते आणि आकडा लगेच बोलतो. वाफ मात्र चहूबाजूंनी सुटी आहे. तिची जागा बदलली तरी कुठल्याच गटाची लांबी बदलत नाही. म्हणून तिरकी रेघ दिसली की मी आधी एवढंच बघतो की ती कशाला टेकलेली आहे. मोठ्या आकाराच्या कडेने जाणारी तिरकी रेघ सहसा सुरक्षित असते. सुटे ठिपके, तारे, पावसाचे थेंब, पाखरं, वाफ, मिश्या, इथे गडबड होते. आणि नेमकी हीच माणसाला चित्रात घालावीशी वाटतात.

एकदा माझ्याच एका कोड्यात असं झालं होतं. मुलांच्या एका मासिकासाठी होडीचं चित्र केलं होतं आणि आभाळात दोन ठिपक्यांचं पाखरू काढलं होतं. तेव्हा मी आकड्यांवरून सोडवून बघत नसे. एका मुलीने पत्रात दोन्ही चित्रं काढून पाठवली आणि खाली विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?" दोन्ही बरोबर होती. तिने तर्क कुठेच सोडला नव्हता, मीच तिला तर्काने सुटेल असं कोडं दिलं नव्हतं. त्यानंतर मी सोडवून न बघितलेलं एकही कोडं कुणाला दिलेलं नाही.

आता दुरुस्ती. आधी एक उपाय जो सगळे करून बघतात आणि जो चुकतो: वाफेची एक रेघ कमी पडतेय असं वाटून दोन रेघा काढायच्या. समजा ओळ 1 मध्ये घर 2 आणि 5, ओळ 2 मध्ये घर 3 आणि 6. दोन्ही ओळींचे आकडे 1 1, आणि स्तंभ 2, 3, 5, 6 ला वर एकेक. पहिली रेघ डावीकडे किंवा उजवीकडे कललेली असू शकते, दुसरीही, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणजे दोनाची चार उत्तरं झाली. सुटी तिरकी जोडी जितक्या वेळा घालाल तितक्या वेळा उत्तरं दुप्पट होतात.

चालणारा पहिला उपाय म्हणजे त्या चार घरांपैकी एक बदलणं. ओळ 2 मध्ये घर 4 च्या जोडीला घर 3 पण काळं करा. ओळ 2 चा आकडा 2 होईल, स्तंभ 3 चा 2 5. दोन, पाच आणि मधलं एक मिळून 8, म्हणजे स्तंभ 3 पहिल्याच फेरीत पूर्ण भरला. ओळ 1 ला एकच हवं होतं, ते स्तंभ 3 मध्ये मिळालं, म्हणून तिथे स्तंभ 4 ला फुली आणि त्याचं एक ओळ 2 मध्ये. कोडं सुटलं. पण चित्र म्हणून मला हे आवडत नाही, वाफेचा कोयता होतो.

दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे. वाफेला आणखी एक वळण द्या. कोडं 9 ओळींचं करा: ओळ 1 मध्ये घर 3, ओळ 2 मध्ये घर 4, ओळ 3 मध्ये पुन्हा घर 3, ओळ 4 कोरी, आणि कप ओळ 5 पासून.

```
· · ■ · · · · ·
· · · ■ · · · ·
· · ■ · · · · ·
· · · · · · · ·
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ·
■ ■ ■ ■ ■ ■ · ■
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ·
· ■ ■ ■ ■ · · ·
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■
```

स्तंभ 3 चा आकडा आता 1 1 5. गट सात आणि मधली दोन मोकळी घरं, बरोबर 9, मोकळीक शून्य. ओळ 1 आणि 3 ची वाफ स्तंभ 3 ने ठरवली. स्तंभ 4 च्या एकट्या घराला फक्त ओळ 2 उरते. तिरक्या रेघा आधी एक होती, आता दोन झाल्या, तरी उत्तर एकच राहिलं, कारण तीन ओळींत दोन सुटी घरं एकाच स्तंभात बसवायची तर ती पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतच बसू शकतात. वाफही नागमोडी दिसते. बाकीचा कप पूर्वीसारखाच सुटतो, फक्त ओळींचे क्रमांक एकाने पुढे जातात.

मूळ 8×8 कोड्यातली कोरी ओळ काढून टाकून वाफ थेट कपाला टेकवणं हाही मार्ग आहे. तेव्हा स्तंभ 4 चा आकडा 1 5 ऐवजी 6 होतो आणि वाफ बांधली जाते, कानासारखी. मी तो शेवटचा ठेवतो, कारण वाफ कपातून उगवलेल्या काडीसारखी दिसते.

कुठलाही बदल केलात तरी सगळं कोडं पहिल्यापासून पुन्हा सोडवा. एका घराने एक ओळ आणि एक स्तंभ असे दोन आकडे बदलतात, आणि ज्या रेघेवर आधी भरवसा ठेवला होता तिची मोकळीक वाढलेली असू शकते.

इथे एका गोष्टीत लोक फसतात. फेऱ्या मारून अडकलो म्हणजे उत्तरं दोन आहेत, असं सिद्ध होत नाही. तुमच्या कपात ती दोन होती, पण पुढचं 4×4 बघा. ओळी: 2, 2, 2, 2. स्तंभ: 2, 2, 1 1, 1 1. कोऱ्या चार घरांत 2 कुठेही बसतो, एकही घर पक्कं होत नाही. 1 1 चंही तसंच, तो तीन प्रकारे बसतो आणि तिन्हीत समान घर एकही नाही. म्हणजे एका वेळी एक रेघ बघायच्या नियमाने पहिलं पाऊलसुद्धा टाकता येत नाही. तरीही याचं उत्तर एकच आहे.

ते असं सापडतं. ओळ 1 चं पहिलं घर काळं आहे असं धरून चाला. मग ओळ 1 मध्ये 1 आणि 2 काळी. स्तंभ 1 ला सलग 2 हवेत, म्हणून ओळ 2 चं पहिलं घरही काळं, म्हणून ओळ 2 मध्येही 1 आणि 2. स्तंभ 1 आणि 2 संपले, तेव्हा ओळ 3 आणि 4 ला उजवी दोन घरंच उरली. पण मग स्तंभ 3 मध्ये ओळ 3 आणि 4 लागून आल्या, आणि त्याला तर 1 1 हवेत. फिसकटलं. म्हणून ओळ 1 चं पहिलं घर पांढरं. एवढं कळल्यावर बाकी सगळं साध्या नियमाने घरंगळत येतं: ओळ 1 चा गट 2-3 किंवा 3-4, दोन्हीत घर 3 काळं, स्तंभ 3 मध्ये त्याच्या लगेच खाली फुली, ओळ 2 ला मग 1-2 शिवाय जागा नाही, आणि तसंच पुढे.

```
· · ■ ■
■ ■ · ·
■ ■ · ·
· · ■ ■
```

म्हणून अडकल्यावर माझी रीत अशी. न सुटलेल्या घरांतलं एक निवडतो, शक्यतो जिथून सगळ्यात जास्त परिणाम होतील असं, म्हणजे कडेचं किंवा लांब गटाच्या टोकाचं. कागदाच्या दोन प्रती करतो. एकीत ते घर काळं धरतो, दुसरीत फुली, आणि दोन्ही साध्या नियमाने शेवटपर्यंत नेतो. एकीत फिसकटलं तर घर पक्कं झालं आणि मूळ कागदावर पुढे जाता येतं. दोन्ही पूर्ण झाल्या आणि सगळे आकडे जुळले तर दोन उत्तरं हातात आली. तेव्हा दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरतो. जी घरं वेगळी दिसतात तिथेच दुरुस्ती करायची, बाकी चित्राला हात लावायची गरज नसते.

उत्तर एकच आहे पण धरून चालावं लागतं, असं कोडं द्यायचं की नाही? ते सोडवणाऱ्यावर अवलंबून आहे. वर्षानुवर्षं नॉनोग्रॅम सोडवणाऱ्यांना एक-दोन पावलांचं असं वळण हवं असतं. शाळेतल्या मुलांना मी ते कधी देत नाही. मूल तिथे अंदाजाने घर भरतं, दहा घरांनंतर फिसकटतं आणि कुठे चुकलं ते त्याला शोधता येत नाही, कारण चूक झालेलीच नसते. या 4×4 मध्येसुद्धा एका घराने काम होतं. ओळ 1 चं दुसरं घर काळं केलं की ओळ 1 चा आकडा 3 होतो, स्तंभ 2 चाही 3. आता दोन्ही रेघांत मधली घरं लगेच पक्की होतात आणि सगळं कोडं एकेक रेघ बघत सुटतं. बसून करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि एका घराचा परिणाम किती लांब जातो ते हाताला कळतं.

हाताने तपासण्याची मर्यादाही सांगतो. 15×15 पर्यंत मी कागदावर करतो, त्यापुढे डोळे थकतात आणि चुका होतात, तिथे संगणकाची मदत घेतलेली बरी. कुठल्याही आकाराचं कोडं झटपट सोडवेल अशी हुकमी युक्ती मात्र संगणकाकडेही नाही. उएदा आणि नागाओ या जपानी संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं की नॉनोग्रॅम हा गणिती अर्थाने अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो. आपल्या आकाराच्या कोड्यांना त्याने फरक पडत नाही. साध्या नियमाने सुटणारं कोडं लहान काय, मोठं काय, फेऱ्या मारून सुटतंच. अवघडपणा सगळा अडकलेल्या कोड्यांचा आहे.

तपासणीतला खरा शत्रू म्हणजे तुमची स्वतःची आठवण. चित्र तुम्ही काढलंय, त्यामुळे कान कुठे आहे हे हाताला ठाऊक असतं. कारण पुरतं नसताना तुम्ही एक घर भरता, ते चित्राशी जुळतं, म्हणून चूक कधीच उघडी पडत नाही आणि तुम्ही "सुटलं" म्हणता. यावर माझे दोन उपाय आहेत. एक, कोडं आरशातल्यासारखं उलटं करून सोडवायचं: स्तंभ उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि प्रत्येक ओळीतले आकडेही उलटे, 6 1 चं 1 6. स्तंभाच्या आतला क्रम तसाच राहतो. उत्तरांची संख्या याने बदलत नाही, पण हाताची सवय मोडते. दोन, घर काळं करण्याऐवजी त्यात फेरीचा क्रमांक लिहायचा. मग शंका आली की मागे जाऊन विचारता येतं, दुसऱ्या फेरीत हे घर कशावरून आलं? कारण सांगता आलं नाही तर ते घर पुसायचं आणि तिथून पुढचं सगळं परत करायचं. या क्रमांकांवरून कोडं किती अवघड आहे तेही कळतं. तुमचा दुरुस्त कप जेमतेम तीन फेऱ्यांत सुटतो, तिसरी-चौथीच्या मुलांना ठीक आहे. 10×10 चं कोडं सहा-सात फेऱ्या घेत असेल आणि मधल्या फेऱ्यांत एक-दोनच घरं मिळत असतील, तर ते मोठ्यांना द्या.

चित्र निवडतानाही थोडं सांभाळता येतं. तुमच्या पहिल्या कपात 64 पैकी 35 घरं काळी होती, म्हणून अंग लगेच सुटलं. चित्र विरळ असेल, नुसत्या बाह्यरेषेचं, तर प्रत्येक रेघेत मोकळीक खूप राहते आणि काहीच पक्कं होत नाही. अशा वेळी मी आकार आतून भरून टाकतो, किंवा खाली जमिनीची, टेबलाची, बशीची एक पूर्ण रेघ देतो. तुमची ओळ 8 ची बशी नेमकं हेच काम करतेय. तिने आठही स्तंभांचा शेवटचा गट एकदम बांधला. ती काढू नका.

या कोड्यांची सुरुवात 1980 च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये झाली. नॉन इशिदा यांनी उंच इमारतीच्या खिडक्यांमधले दिवे लावून-विझवून चित्रं काढली होती, आणि नॉनोग्रॅम या नावातला 'नॉन' त्यांचाच. तिथेही खिडकी एक तर उजळलेली, नाही तर काळी, मधलं काही नाही. मुलांना ओळख करून देताना मी अजून खिडक्यांचंच उदाहरण देतो, घरं आणि फुल्या त्यांना लगेच समजतात.

शेवटची तपासणी छापायच्या प्रतीवर करा, तुमच्या वहीवर नको. टायपिंगमध्ये मधली जागा गेली की 6 1 चं 61 होतं आणि 1 1 चं 11. स्तंभांचे आकडे एकाखाली एक लावलेले असतात, तिथे वरचा आकडा चौकटीबाहेर कापला जातो. कोऱ्या ओळीचा 0 कुणीतरी अनावश्यक समजून काढून टाकतं आणि मग मुलांना वाटतं की आकडा छापायचा राहिला. म्हणून छापखान्यात जाणारा कागद हातात आला की पेन्सिल घ्या, 9 ओळींचा कप त्याच कागदावरून एकदा सोडवा, आणि ओळींची बेरीज स्तंभांच्या बेरजेशी जुळवून बघा. तुमच्या नव्या कपाची ती दोन्हीकडे 36 यायला हवी.